खोक्याच्या तोंडावरचं कुंकू

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिच्या तोंडाला कुंकू लागतं, मग ती आम्हाला वापरायला मिळते. गव्हाचं पोतं असो, मिक्सर असो, नाहीतर पाण्याची मोटार असो. पोरीचा मोबाईल आला तेव्हा ती खोकं फोडायला बसली, तर आत्यानं तिच्या हातातून ते काढून घेतलं, बोट ओलं केलं, आणि झाकण जिथं मिटतं त्या फटीवर कुंकवाचं बोट ओढून मगच परत दिलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सांगलीकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, आणि आम्ही दोघी बोलताना सासू-सुना कमी आणि भांडकुदळ शेजारणी जास्त वाटतो.

"वस्तू तोंडातनंच भाईर येती न्हवं? मंग तोंडालाच लावाय पायजे," असं तिचं शास्त्र.

"आत्या, उद्या तुम्ही खोकल्याच्या बाटलीलापण लावाल," मी एकदा म्हणाले.

"लावते की! औषीद लक्ष्मीपरास मोठं."

आणि खरंच लावायची. घरात आलेलं एकही औषध त्यातून सुटलं नाही.

आत्याला काचबिंदू आहे. डावा डोळा कधी गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. मिरजेला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, पण उजवा डोळा राखता येईल. रोज संध्याकाळी एक थेंब, जन्मभर, आणि चुकवायचा नाही. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि रडायचं सोडून मला म्हणाली, "मला गाडीचा बोर्ड वाचाय यायला पायजे. येवढंच बघा."

तिचं सगळं जगणं त्या बोर्डात होतं म्हटलं तरी चालेल. आत्या चौथी शिकलेली. एकटी स्टँडवर जाते, बोर्ड वाचते, गाडीत बसते, रहिमतपूरला माहेरी जाऊन भावाशी भांडून येते. "मला कुनी हाताला धरून न्यायचं न्हाई," हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते. ती आंधळी झाली असती तर तिला जेवायला घालणं मला जड नव्हतं. पण हाताला धरलेली आत्या माझ्याच्यानं बघवली नसती.

थेंबाच्या बाटल्या आम्ही मिरजेतल्या एका मेडिकलमधून घ्यायचो. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आणि तो दुकानदार आमच्या गावच्या वडापवाल्याकडं, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपवाल्याकडं, पिशवी द्यायचा. संध्याकाळी फाट्यावर जाऊन घ्यायची. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. चांगला माणूस होता, फोनवर आत्याची चौकशी करायचा.

त्या दिवशी पिशवी आली ती जुनी बाटली संपायच्या दिवशीच. दोन खोकी आणि बिल. मी भाकरी करत होते. आत्यानं नेहमीप्रमाणं दोन्ही खोक्यांच्या तोंडावर कुंकू ओढलं, एक फळीवर ठेवून दिलं आणि दुसरं घेऊन उंबऱ्याशी उजेडाला बसली.

त्या बाटलीची चोच बंद येते. टोपणाच्या आत एक बारीक टोचा असतो. टोपण घट्ट आवळलं की तो टोचा चोचीत घुसतो आणि भोक पडतं. ते काम आत्या कुणाला करू देत नाही. तिला तो टोचा घुसताना होणारा 'टक्' आवडतो.

"सूनबाई, इकडं ये जरा."

"हात पिठात हायत आत्या."

"आगं ये म्हणते न्हवं! ह्याला टक् झालं न्हाई."

मी हात पुसत आले. टोपण तिनं काढून दाखवलं. चोचीला आधीच भोक होतं. टोपणाखाली जी कडी असते, पहिल्यांदा उघडताना तुटते ती, तीसुद्धा तुटून सैल फिरत होती. खोक्यावरची तारीख वाचायला गेले तर तिच्यावर आत्याच्या कुंकवाचा फराटा. अंगठ्यानं जरा पुसून बघितलं. मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. म्हणजे पहिली बाटली कशीबशी त्यात बसली असती, दुसरी तर फोडायच्या आधीच मेलेली.

"मायला ह्यांच्या!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्यानं मात्र मान मागं टाकली आणि बाटली डोळ्यावर धरली. "ऱ्हाऊ दे. डाक्तर म्हनालं हुतं चुकवायचा न्हाई. आजच्या दिस घालते."

मी तिचा हात धरला. चांगला जोरात धरला. कुणीतरी आधी उघडलेली बाटली, आत काय गेलं कुणास ठाऊक, आणि ते थेट त्या एकुलत्या एका डोळ्यात? आत्या माझ्याकडं बघत राहिली. थेंब घालावा तर भीती, न घालावा तर भीती.

मी मिरजेच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी डॉक्टरांना विचारून सांगितलं: सील तुटलेला थेंब घालू नका, पण आजचा थेंब चुकवूही नका. जवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून तेच औषध घ्या. आधीच घातला असेल आणि डोळा लाल झाला, दुखला तर वाट न बघता घेऊन या. आमचे हे मोटारसायकल काढून तासगावला गेले आणि जेवायच्या आत नवी बाटली घेऊन आले. आत्यानं टोपण आवळलं. टक् झालं. थेंब पडला. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

जीव आला तसा रागही आला. मी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. गटात सगळ्या बायका, आणि प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी गोळ्या खाणारं. मोबाईल घेतला, बाटली आणि चिठ्ठीचा एकत्र फोटो काढला, पोरीला पाठवला आणि गटाच्या ग्रुपवर दुकानाचं नाव घालून लिहायला घेतलं: 'ह्या चोराकडून औषधं घेऊ नका.' पाठवणार तेवढ्यात पोरीचा फोन आला. ती साताऱ्याला फार्मसी शिकते. बापानं तासगावच्या वाटेवर तिला कळवलं होतं.

"आई, तू अजून कुठं काही टाकलं नाहीस ना?"

"टाकतीयच आता. जरा थांब."

"टाकू नकोस! तुला काय माहीत कुणी केलंय ते? कंपनीनं, गाडीवाल्यानं का दुकानदारानं? उद्या तोच तुझ्यावर अब्रुनुकसानीची केस करंल. आणि फोटोत आजीची चिठ्ठी दिसतीय, नाव, फोन नंबर, आजार, सगळं. ते गावभर फिरवणार आहेस का?"

मला तिचा राग आला, कारण ती बरोबर होती. मी लिहिलेलं खोडलं.

मग तिनं माझ्याकडून एकेक करून घेतलं. बाटलीचे फोटो सगळ्या बाजूंनी, चोच जवळून, तुटलेली कडी, बॅच नंबर, तारीख. बिलाचा फोटो. बाटली टोपण लावून स्वच्छ पिशवीत, खोक्यासकट. काही फेकायचं नाही, धुवायचं नाही, पुसायचं नाही.

"पुसायचं नाही? मी तारखेवरचं कुंकू पुसलंय की."

"कसलं कुंकू?"

मी सांगितलं. पोरगी पलीकडं कपाळ बडवत असणार. "आजी पण ना! अगं तो पुरावा आहे, त्याला कुंकू फासतात का? दुकानदार पहिल्यांदा हेच म्हणंल की तुम्हीच खोकं चिवडलंय."

आत्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाली, "माझ्यामुळं घोळ झाला व्हय?" इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तिला उगी केलं, पण मनात मलाही तेच वाटत होतं.

"ते दुसरं खोकं मात्र बिलकुल उघडू नका," असं पोरगी शेवटी बोलली होती. ते फळीवर तसंच होतं, तोंडाला कुंकू लावून बसलेलं.

सकाळी मी म्हटलं, आधी कंपनीला विचारावं. मोबाईलवर कंपनीचं नाव घालून नंबर शोधला आणि पहिला दिसला तो लावला. एक गडी गोड आवाजात हिंदीत बोलायला लागला. मॅडम, पैसे लगेच परत मिळतील, फक्त एक ॲप टाका आणि आलेला ओटीपी सांगा. माझ्या कानामागं गरम झालं. बचत गटात बँकेचे साहेब येऊन हेच सांगून गेले होते.

"आरं भाड्या, डोळ्याच्या थेंबाला ओटीपी कशाला लागतोय रं? तुझ्या आयेला फोन दे, तिला सांगते तू काय धंदा करतोस ते!" त्यानं फोन आपटला. खरा नंबर नंतर आम्ही खोक्यावरच छापलेला वाचला. आधीच वाचला असता तर माझा घसा वाचला असता. आत्या मात्र हसली, आणि ती हसली म्हणून मला बरं वाटलं.

मग फळीवरचं ते दुसरं खोकंही पिशवीत घालून आम्ही दोघी मिरजेला निघालो. स्टँडवर आत्यानं बोर्ड वाचला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

दुकानात गर्दी होती. मी पोरीला शब्द दिला होता की आवाज चढवणार नाही. बिल, फोटो आणि खोक्यासकट बाटली काचेवर ठेवली, पण बाटलीवरचा हात काढला नाही. दुकानदारानं निरखून बघितलं. आधी म्हणाला, "मुदत अजून आहे की वहिनी, महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं." ते खरंच होतं. मी म्हटलं, आणि भोक? तेव्हा त्यानं खोकं हातात घेतलं आणि कुंकवाकडं बोट केलं.

"हे बघा, हे तुमच्या घरी झालंय. खोकं तुम्हीच हाताळलंय. टोपण कुणी उघडलं मला काय माहीत? जाऊ द्या, मी दोन नव्या बाटल्या देतो. ह्या माझ्याकडं ठेवा आणि विषय मिटवा."

पोरीनं सांगितलं होतं अगदी तस्संच. माझ्या जिभेवर सातारा-सांगलीतली सगळ्या शिव्या गोळा झाल्या होत्या. पण खरं सांगते, नव्या बाटल्या घ्याव्यात आणि घरी जावं असंही मनात आलं. उगीच कुठं वाढवा?

आत्यानं मला कोपरानं ढोसलं आणि ती पुढं झाली. "दादा, मला टक् ऐकू येतं, म्हनून मी वाचले. ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यांचं काय? तुमी ह्यातल्या अजून कुनाकुनाला दिल्या?"

गर्दीतली एक बाई आपल्या हातातली पिशवी उघडून बघायला लागली. आत्यानं बाटली आणि खोकं उचललं, कमरेच्या पिशवीत घातलं, आणि आम्ही बाहेर पडलो. पुढच्या महिन्याची बाटली आम्ही पलीकडच्या दुकानातून घेतली, काचेवरच खोकं उघडून, कडी आणि तारीख बघून.

तिथून सांगलीला, अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात. मी घाबरले होते. सरकारी ऑफिस म्हटलं की ह्या टेबलावरून त्या टेबलावर. पण तिथं औषध निरीक्षक म्हणून एक बाई होत्या, आणि त्यांनी बसायला सांगून पाणी दिलं. तक्रार साध्या कागदावर लिहून घेतली. काय झालं तेवढंच लिहा, कुणी केलं असेल ते लिहू नका, असं त्या म्हणाल्या. मला ते जड गेलं, कारण कुणी केलं असेल ह्यावर माझी चार पानं तयार होती. शिक्का मारून पोच दिली. बिलावरचा आणि खोक्यावरचा बॅच नंबर ताडून बघितला. जुळला. म्हणजे माल त्याच दुकानातून आला होता, एवढं नक्की झालं.

"आता प्रश्न एवढाच की टोपण दुकानात उघडलं की तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "दुसरं खोकं उघडलंय का?"

मी ते टेबलावर ठेवलं. ते कुंकू बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

बाई चष्मा वर करून बघत राहिल्या. "हे कुणी लावलंय?"

"मीच की वो," आत्या म्हणाली. "चुकलं माझं. आमच्यात नव्या वस्तूच्या तोंडाला लावत्यात."

"तोंडाला म्हणजे ह्या झाकणाच्या फटीवर? वस्तू घरात आल्याबरोबर?"

"व्हय. पिशवीतनं काढलं की लगीच."

बाईंनी शेजारच्या माणसाला बोलावलं आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लावला. खोकं उजेडात धरलं. ओल्या बोटानं ओढलेलं कुंकू झाकणावरून खाली खोक्यावर उतरलं होतं आणि वाळून पापुद्र्यासारखं झालं होतं. एक सलग रेघ, कुठं चीर नाही. मग त्यांनी सावकाश झाकण उचललं. फटीवर कुंकू तडकलं आणि त्याचा लाल चुरा कागदावर पडला. आतली बाटली काढली. कडी तुटलेली. चोचीला भोक.

मग बाई म्हणाल्या, "आजी, कोर्टात काही कुंकवावर केस उभी राहत नाही. पण हे खोकं तुमच्या घरी उघडलेलं नाही, आणि मला कुठं जाऊन बघायचं ते कळलं."

आत्यानं मान वर केली. माझ्याकडं असं बघितलं की जणू तिनंच औषधशास्त्राची परीक्षा पास केली होती. मी टेबलाखाली तिचा हात दाबला. दोन्ही बाटल्या त्यांनी ठेवून घेतल्या आणि त्यांचीही पावती दिली.

दुकानाची तपासणी झाली. पुढं नोटीस, खुलासा, काय-काय चाललं ते त्यांच्या कागदांवर आहे, मी त्यात नाक खुपसत नाही. पण दुकानदाराचा फोन आला. मी नुसतं 'बोला' म्हणाले.

"वहिनी, चूक आमचीच आहे," तो म्हणाला. मुदत संपत आलेला माल वितरकाला परत करायचा असतो. तो त्यांनी काउंटरखालच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलेला. गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेल्या, एकदा उघडलेल्या बाटल्याही त्यातच. असा माल वेगळा ठेवून त्यावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहायचं असतं, ते त्यांनी केलं नव्हतं. त्या दिवशी गर्दीत, वडाप सुटायच्या घाईत, फळीवरचा माल संपला म्हणून कुणीतरी त्या खोक्यात हात घातला. "मी तुमच्यावर ढकलायला नको होतं. मला लाज वाटली होती, म्हणून तसं बोललो."

त्याची लाज खरी होती, आवाजातच कळत होतं. माझा राग एकदम गेला असं नाही, पण बसला. मी विचारलं, "आमच्याशिवाय अजून कुणाला गेली?"

"बिलं काढून बघितली. अजून एकीला गेली होती, एक बाटली. जतकडच्या एक आजी. एकट्याच राहतात. त्यांना फोन केला तेव्हा बाटली त्यांच्या हातात होती."

"आणि?"

"घातली नव्हती, आधीची तेव्हाच संपली होती. त्यांचे हात कापतात, त्यांना भोक पाडायला जमत नाही. त्या आपल्या मुलाची वाट बघत थांबल्या होत्या, तो येणार होता. नवी बाटली मी स्वतः नेऊन दिली." मग म्हणाला, "त्यांना तुमच्या सासूबाईंशी बोलायचंय. नंबर देऊ का त्यांना, तुम्ही हो म्हणालात तर?"

पुढच्या तपासणीत आत्याच्या डोळ्यातला दाब ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, नजर होती तेवढी आहे. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडले आणि आत्या मला दटावत होती, "आगं गप की, लोकं बगत्यात."

जतच्या आजींचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. मी स्पीकर लावला. पलीकडून हळू, थरथरता आवाज आला, जरा कानडी वळणाचा. त्या उपकार उपकार म्हणत राहिल्या. आत्याला असलं बोलणं सोसत नाही. ती मधेच म्हणाली, "आवं ते ऱ्हाऊ द्या. तुमास्नी डोळं किती हायत?"

"एकच आहे बाई. डावा."

आत्याचा डावा गेलेला, उजवा राहिलेला. तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली आणि फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"मंग झालं की! तुमचा डावा, माझा उजवा. आपल्या दोघींची मिळून जोडी झाली. मी येते तुमच्याकडं. गाडीचा बोर्ड वाचून एकटीच येते, कुनी न्याय नको. आन् हे बगा, नवी बाटली आली की मला फोन करा. टोपन आवळताना फोन जवळ धरा. टक् झालं का न्हाई ते मी हितनं ऐकते."